"पण मग कामाचं काय?"

तीन आठवडे! अभ्यासाच्या रजेचा अर्ज देऊन तीन आठवडे झाले आणि काल साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "ते सगळं ठीक आहे गं, पण मग कामाचं काय?" अहो, त्या अर्जात कामाशिवाय दुसरं काहीच नाहीये! दोन पानं आहेत. रजा मागायला चार ओळी पुरल्या, बाकी सगळं कामाचंच काय ते लिहिलंय. मी नुसती त्यांच्या टेबलाकडे बघत राहिले. माझा अर्ज तिथेच होता, कपाखाली. वर चहाचा गोल उमटलेला.

आता जरा नीट सांगते, नाहीतर वाटेल हिला उगाच तडकायची सवय आहे.

मी अकाउंट्समध्ये आहे. नोकरी करत करत एक व्यावसायिक परीक्षा देतेय, चार पेपर, १२, १४, १६ आणि १८ तारखेला. मला रजा हवी आहे आधीच्या महिन्याच्या २५ पासून १८ पर्यंत, म्हणजे कामाचे १८ दिवस. त्यातल्या ११ दिवसांची रजा माझ्या खात्यात शिल्लक आहे, उरलेले ७ बिनपगारी घेते म्हटलं. हेही अर्जात लिहिलंय, कारण "रजा कुठली लावायची" हा प्रश्न एचआरने उठवला की आणखी आठवडा जातो. अडचण एकच, आणि ती खरी आहे. महिना संपला की २ ते ६ क्लोजिंग, म्हणजे त्या महिन्याचे हिशेब बंद करायचं काम असतं आणि ते नेमकं माझ्या रजेच्या मधोमध येतं. परीक्षेच्या तारखा मी ठरवत नाही, महिना कधी संपतो तेही मी ठरवत नाही.

खरं सांगायचं तर माझा पहिला अर्ज टुकार होता. "माझ्या अनुपस्थितीत सहकारी माझे काम सांभाळतील, तरी कृपया रजा मंजूर करावी ही नम्र विनंती." साहेबांनी तो परत पाठवला आणि तेव्हा त्यांचं बरोबर होतं. कोणते सहकारी? त्यांना विचारलंय का? सांभाळतील म्हणजे नक्की काय करतील? ते वाक्य म्हणजे "देव बघून घेईल" याचंच सरकारी रूप. मी मुकाट्याने खाली मान घातली आणि पुन्हा लिहायला बसले.

दुसऱ्या वेळी आधी आठवडाभर वहीत टिपून ठेवलं, मी दिवसभर खरंच काय काय करते. पदाच्या कागदावर जे लिहिलंय ते सोडा. ही यादी आणि कागदावरची यादी यांचं एकमेकांशी नातंच नाही, हा एक वेगळाच विषय आहे. मग त्या कामांचे तीन ढीग केले. पहिल्यात जायच्या आधी उरकता येणारी कामं, जसं व्हेंडरची स्टेटमेंट्स जुळवणं आणि ज्यांची बिलं उशिरा येतात त्या खर्चांची तरतूद. ती २२ पर्यंत संपवते म्हटलं. दुसऱ्यात मी परत येईपर्यंत थांबली तर कोणाचं काही बिघडत नाही अशी. हा ढीग माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला, दर आठवड्याला बनणारा एक रिपोर्ट तर कोणी उघडतच नाही असं कळलं. आणि तिसऱ्यात कोणालातरी रोज करावीच लागतील अशी. शेवटी इथे तीनच कामं उरली: पेमेंटच्या एंट्र्या, बँकेचं स्टेटमेंट आमच्या वहीशी जुळवायचं म्हणजे बँक रेको, आणि क्लोजिंगच्या नोंदी. सगळी धास्ती होती ती या तीन कामांची!

ज्या दोघांची नावं लिहायची त्यांना मी आधी भेटले. नुसतं "हो हो, करू की" वर सोडलं नाही, कारण जिन्यात दिलेला होकार टेबलापर्यंत टिकत नाही. कुठलं काम, कुठल्या तारखा, रोज अंदाजे किती वेळ, आणि त्या काळात त्यांच्या हातातलं कोणतं काम मागे ढकलायचं, हे त्यांच्याच तोंडून मेलवर घेतलं. हे शेवटचं तर कोणी लिहीतच नाही. दोन तासांचं जादा काम ज्याच्या अंगावर टाकताय त्याच्या दिवसातले दोन तास कुठून येणार?

मग रंगीत तालीम. रजेवर जायच्या महिनाभर आधीच माझ्या सहकारिणीला बँक रेको करायला बसवलं आणि मी शेजारी हाताची घडी घालून बसले. नियम असा की मी बोलायचं नाही, तिने विचारलं तरच उत्तर द्यायचं आणि तिचा प्रत्येक प्रश्न कागदावर लिहायचा. मला हे काम ४० मिनिटं लागतं. तिला अडीच तास लागले! अकरा प्रश्न आले. सगळ्यात जास्त घोळ एकाच गोष्टीने घातला: एक बँक महिनाभराचे सगळे चार्जेस एकाच रकमेत कापते आणि आमच्या वहीत ते तीन वेगवेगळ्या खात्यांत जातात. ती फोड कशी करायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त माझ्या डोक्यात होतं. बिचारी पाऊण तास न जुळणाऱ्या फरकाकडे बघत बसली होती. ही तालीम झाली नसती तर ती ३ तारखेला संध्याकाळी अशीच बसली असती आणि मी पुस्तक मिटून फोनवर "अगं, तो चार्ज फोडलास का?" करत असते.

मग ते अकरा प्रश्न आणि त्यांची उत्तरं हीच हँडओव्हरची नोट झाली. दुसऱ्या खेपेला तेच काम ७० मिनिटांत झालं, प्रश्न दोन. अर्जात मी ७० मिनिटंच लिहिली, ४० नाही. साहेबांना खूश करायला ४० लिहिता आलं असतं, पण मग पहिल्याच दिवशी माझा प्लॅन खोटा ठरला असता.

आता मला साहेबांनी काहीच वाचलं नाहीये हे कशावरून कळलं, तर ते ऐका. पेमेंटमध्ये आमच्याकडे साधा नियम आहे, जो एंट्री करतो त्याने अप्रूव्ह करायचं नाही. एकाच माणसाच्या हातात दोन्ही चाव्या दिल्या तर चूक पकडायला कोणी उरत नाही, आणि लबाडी तर नाहीच. माझ्या जागी एंट्र्या करणारा जो सहकारी आहे, तोच छोट्या पेमेंट्सना अप्रूव्हल देतो. म्हणजे माझं काम त्याच्याकडे दिलं की नियम मोडला. तेव्हा मी लिहिलं की २५ ते १८ या काळात त्याचा अप्रूव्हलचा अधिकार काढावा आणि तो साहेबांकडे ठेवावा, रोज १५ मिनिटांचं काम. सिस्टिममध्ये हा बदल व्हायला तीन दिवस लागतात, म्हणून अर्जावर निर्णय १८ तारखेच्या आत हवा, हेही ठळक लिहिलं.

म्हणजे मी चक्क साहेबांना काम लावलंय! पहिल्याच पानावर, त्यांच्या हुद्द्यासकट! ज्या माणसाला फायली सही करायला जड जातात, त्याने हे वाचलं असतं तर मजला दणाणला असता. तीन आठवडे चकार शब्द नाही.

आणि बोलणी काय काय झाली माहितीये? आधी म्हणे, "हे सगळं दुसरे करू शकतात, तर मग तुझी गरज काय?" आठवडाभराने म्हणे, "तुझ्याशिवाय क्लोजिंग कसं होईल?" अहो, एक काहीतरी ठरवा! कोणी करू शकत असेल तर माझी नोकरी धोक्यात, कोणी करू शकत नसेल तर माझी रजा. आणि कोणालाच येत नसेल, तर उद्या मला ताप आला की काय करणार होतात? तेव्हा तर पंधरा मिनिटंही आधी कळवता येणार नाही, तालीम सोडाच.

माझी एक चूक मात्र झाली, आणि तिचा मला स्वतःवरच जास्त राग आहे. चांगुलपणाने मी लिहिलं होतं, "क्लोजिंगच्या काळात गरज पडल्यास फोनवर उपलब्ध राहीन." बस. अख्ख्या दोन पानांतलं तेवढंच वाक्य साहेबांच्या डोळ्यांना दिसलं. (म्हणजे वाचता येतं त्यांना.) लगेच, "मग रोज सकाळी दोन तास लॉगिन करत जा ना, रजा पण होईल आणि काम पण." रोज दोन तास, १८ दिवस, म्हणजे ३६ तास झाले. ही रजा की हप्त्याने हजेरी? त्याच संध्याकाळी ते वाक्य काढलं आणि लिहिलं: "३ आणि ५ तारखेला संध्याकाळी ६ ते ७ फोन घेईन. १० ते १८ फोन बंद असेल. रेकोत फरक राहिला तर तो आहे तसा नोंदवून ठेवावा, १९ तारखेला मी बघेन." 'गरज पडल्यास' हा शब्द वापरू नका कोणी. गरज कोणाची, हे तुम्ही ठरवत नसता.

तर सुधारित अर्ज पुन्हा दिला. उत्तर? "बघू." काल १६ तारीख. १८ ला निर्णय नाही झाला तर अधिकार बदलणार नाही, तो नाही बदलला तर २५ ला पेमेंट अडणार, आणि मग सगळे म्हणणार, बघा, ही गेली आणि काम अडलं!

म्हणून आज सकाळी हिय्या करून केबिनपाशी गेले. दिवे बंद. परत येऊन मेल उघडला तर रात्री पावणेबाराला साहेबांचा निरोप आलेला, अख्ख्या टीमला: "उद्यापासून चार दिवस रजेवर आहे. काही तातडीचं असल्यास हिच्याशी बोलावे."

आणि खाली माझं नाव.