तिन्ही गोळ्या सारख्या नाहीत, कारण तिन्हींची जागा वेगळी

“बॅक्लोफेन, टिझानिडिन, डँट्रोलीन तिन्ही स्नायू सैल करतात. एक नसेल तर दुसरी चालते. ऑपरेशनमध्ये मॅलिग्नंट हायपरथर्मिया झाला आणि डँट्रोलीन नसेल, तर नाकातल्या नळीतून बॅक्लोफेन आणि तापासाठी पॅरासिटामॉल द्या.”

ठाण्यातल्या आमच्या ओटीवाल्यांच्या ग्रुपवर हे तीनदा आलं. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून लिहितो.

पहिलं वाक्य ढोबळपणे खरं आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बॅक्लोफेन मज्जारज्जूत गाबा-बी रिसेप्टरवर काम करतं. टिझानिडिनही मुख्यतः तिथेच, पण अल्फा-२ रिसेप्टरवर, म्हणून त्याने रक्तदाब पडतो. दोन्ही स्नायूकडे जाणारा हुकूम कमी करतात. डँट्रोलीन हुकुमाला हातच लावत नाही. ते स्नायूपेशीच्या आत, कॅल्शियमच्या कोठाराच्या रायनोडीन दारावर बसतं. पक्षाघाताने आखडलेल्या पायाला यातलं कुठलंही थोडंफार उपयोगी पडेल, पण म्हणून अदलाबदल चालत नाही. बॅक्लोफेन तर एकदम थांबवलं की भास, झटके येऊ शकतात.

आता दुसरा सल्ला. मॅलिग्नंट हायपरथर्मियात सक्सिनिलकोलीनमुळे किंवा सेव्होफ्लुरेनसारख्या भुलीच्या वायूमुळे तेच रायनोडीन दार उघडं राहतं. कॅल्शियम वाहत राहतं, स्नायू आखडतो, जळतो, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. वरून हुकूम येतो की नाही, याने काही फरक पडत नाही. ॲट्राक्युरियमने नस-स्नायूचा सांधा पूर्ण बंद केला तरी हा ताठरपणा सुटत नाही. मग मज्जारज्जूतलं बॅक्लोफेन काय करणार? पॅरासिटामॉलचंही तेच. मेंदूने वर नेलेला ताप ते खाली आणतं, इथे भट्टी स्नायूत पेटलेली असते.

शिवाय तापाची वाट पाहिली तर उशीर होतो. समजा ७० किलोचा तरुण, अपेंडिक्सचं ऑपरेशन, सेव्होफ्लुरेन चालू. श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३८ वरून ६५ वर गेला, व्हेंटिलेशन वाढवूनही उतरेना, नाडी १४०, जबडा घट्ट. तापमान अजून ३७.४. इथेच वायू बंद करायचा, शंभर टक्के ऑक्सिजन जोरात द्यायचा, भूल प्रोपोफॉलवर न्यायची आणि डँट्रोलीन मागवायचं.

डोस किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे १७५. जुन्या पद्धतीची कुपी २० मिलिग्रॅमची, म्हणजे नऊ कुप्या. प्रत्येकीत ६० मिली इंजेक्शनचं साधं निर्जंतुक पाणी, सलाइन नाही. पावडर लवकर विरघळत नाही, म्हणून दोघांना फक्त हलवायला बसवा. कार्बन डायऑक्साइड उतरला नाही तर पुन्हा द्यायचं. सोबत व्हेरापामिल देऊ नका, पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. प्रत्येक कुपीत तीन ग्रॅम मॅनिटॉल असतं, तेव्हा लघवीची नळी घाला.

नौपाड्यातल्या लहान नर्सिंग होममध्ये नऊ कुप्या सापडतीलच असं नाही. म्हणून जवळचा साठा कुठे आहे हे आधीच विचारून ओटीच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि घरात कुणी भुलीत दगावलं होतं असं पेशंटने सांगितलं, तर सक्सिनिलकोलीनची कुपी ट्रेवर ठेवूच नका.