पासवर्ड बरोबर, यादी बेपत्ता

फोनवर एफटीपी सर्व्हर, म्हणजे फाइल्स नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला देणारी सोय, चालू करण्यासारखं सोपं काम नाही. ॲपमध्ये एकच गोल बटण असतं. ते दाबलं की त्याचा रंग बदलतो आणि खाली पत्ता उमटतो: `ftp://192.168.1.7:2121`. तो संगणकावर टाकायचा, की फोनच्या पोटातले सगळे फोल्डर समोर हजर. निदान ॲपच्या वर्णनात तरी तसं लिहिलेलं असतं. वर्णन लिहिणारा माणूस आशावादी होता, एवढंच मी आता त्यातून काढतो.

माझ्या फोनमध्ये ताईच्या नाटकाच्या रंगीत तालमीचा व्हिडिओ होता. अखंड, दोन अंकी, आणि फोनमधली उरलीसुरली जागा गिळून बसलेला. केबलने फोन फक्त चार्ज होत होता. फाइल्सची बोलणी करायला ती केबल तयार नव्हती. वायफाय मात्र घरात होतं, फोन आणि संगणक दोघंही त्याच वायफायवर होते, म्हणून एफटीपी.

पत्त्याच्या शेवटचा 2121 उगीच नसतो. एफटीपीचा मानाचा दरवाजा, म्हणजे पोर्ट, 21 क्रमांकाचा, पण 1024 च्या खालचे दरवाजे अँड्रॉइड साध्या ॲपला उघडू देत नाही. म्हणून ॲप बाजूला आपलं दार काढतं. तो आकडा गाळला, तर संगणक 21 वर जाऊन इमानेइतबारे ठोठावतो, आणि तिथे कोणी राहतच नसतं. ब्राउझरकडून मला अपेक्षा नव्हतीच. मोठ्या ब्राउझरांनी 2021 मध्येच एफटीपीशी बोलणं टाकलंय. म्हणून मी संगणकात आधीपासून असलेल्या, काळ्या पडद्यावरच्या `ftp` ला हाक मारली.

```
open 192.168.1.7 2121
dir
```

पहिल्या ओळीनंतर नाव विचारलं, पासवर्ड विचारला, `230` म्हणत आत घेतलं. मी खुर्चीत मागे रेललो. मग `dir` दिलं आणि पडदा गप्प झाला. चूक नाही, नकार नाही, काहीच नाही. नुसता टिमटिमणारा कर्सर.

"पाठवलास का रे?" ताईने फोनवर विचारलं.

"आत शिरलोय," मी म्हणालो.

"मग?"

"दिसत काही नाही."

यावर तिने जे मौन पाळलं, ते नाटकात पाळलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

गोची अशी की एफटीपी एका जोडणीवर भागवत नाही. अर्ज एका खिडकीवर घ्यायचा आणि माल दुसऱ्या खिडकीवरून द्यायचा, असा त्याचा जुना कारभार. नाव, पासवर्ड, हुकूम हे सगळं 2121 वर चालतं. पण फोल्डरची साधी यादीसुद्धा 'माल' समजली जाते आणि तिच्यासाठी दर वेळी नवी जोडणी लागते. म्हणूनच पासवर्ड बरोबर असूनही यादी बेपत्ता होऊ शकते. आत जाता येतंय पण `dir` अडकतंय, एवढं दिसलं की पासवर्डला छळणं थांबवावं. दुखणं दुसऱ्या खिडकीचं आहे.

ही दुसरी खिडकी कोणी उघडायची, यावर एफटीपीच्या दोन तऱ्हा आहेत. ॲक्टिव्ह पद्धतीत संगणक म्हणतो, "मी अमुक दारात उभा आहे, यादी घेऊन ये." फोन बिचारा येतो, आणि संगणकाचीच फायरवॉल त्याला उंबऱ्यावर अडवते, कारण बाहेरून न बोलावता आलेला प्रत्येक जण तिच्या लेखी चोर. आपणच बोलावलं होतं हे तिला कोणी कळवलेलं नसतं. पॅसिव्ह पद्धतीत उलटं होतं. फोन दार उघडून बसतो आणि संगणक जातो. माझ्या काळ्या पडद्याला फक्त ॲक्टिव्ह येत होतं.

या कारभाराचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एप्रिल 1971 मध्ये, एमआयटीत असताना लिहिला. तेव्हाचे संगणक खोली अडवून बसायचे. ते खिशात जात नव्हते, आणि फायरवॉल नावाची संशयी बाई त्यांच्या दाराशी बसलेली नव्हती. त्यामुळे भूषण यांना दोष देता येत नाही, ही माझी खरी अडचण.

मग मी संगणकावर फाइलझिला नावाचं एफटीपीचं ॲप घेतलं. ते पॅसिव्ह बोलतं, शिवाय वरच्या चौकटीत दोन्ही बाजूंचा संवाद छापतं. परत `230`, परत आत, आणि परत शांतता. थोड्या वेळाने ओळ आली: `Failed to retrieve directory listing`. पण या वेळी पुरावा होता. त्या ओळीच्या थोडं वर फोनचं उत्तर पडलं होतं:

```
227 Entering Passive Mode (10,8,0,2,195,80)
```

कंसातले पहिले चार आकडे म्हणजे पत्ता आणि शेवटचे दोन म्हणजे दार. दाराचा हिशेब असा: पहिल्याला 256 ने गुणायचं आणि दुसरा त्यात मिळवायचा. 195 गुणिले 256 म्हणजे 49,920. त्यात 80 मिळवले की 50,000. फोन सांगत होता, "मी पन्नास हजार क्रमांकाच्या दारात बसलोय." दाराबद्दल माझी तक्रार नव्हती. पण घर? पडद्यावर 192.168.1.7 आणि तोंडी 10.8.0.2?

10.8.0.2 हा फोनवर चालू असलेल्या व्हीपीएनने दिलेला पत्ता होता. म्हणजे ॲपने पाटी घरच्या पत्त्याची लावली होती आणि पाहुण्याला सांगताना भलताच पत्ता सांगितला होता. संगणक मुकाट्याने त्या पत्त्यावर गेला आणि तिथे वाट बघत राहिला. एवढा आज्ञाधारकपणा मला त्याच्यात एरवी कधी आढळलेला नाही.

व्हीपीएन बंद केलं आणि ॲपचं गोल बटण बंद करून पुन्हा चालू केलं. आता उत्तर आलं `(192,168,1,7,195,81)`. एक्याऐंशी, म्हणजे दार 50,001. मी हे गणित मोठ्याने केलं. शेजारी कोणी नव्हतं हे बरं. आणि यादी आली! कॅमेरा, डाउनलोड्स, कधीच्या काळी काढून टाकलेल्या ॲपांचे रिकामे फोल्डर, आणि सगळ्यांच्या खाली ताईचे दोन अंक.

व्हिडिओ निघाला. हिरवी पट्टी सरकू लागली. मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात फोनचा पडदा विझला, आणि पडदा विझल्यावर या फोनला जगाशी संबंध ठेवणं गरजेचं वाटत नाही. बॅटरी वाचवायला त्याने ॲपला झोपवलं आणि पट्टी गोठली. पहिला अंक आला होता, दुसऱ्याचा थोडा भाग. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधन काढलं आणि फोन चार्जरला लावला. एवढं केलं तरी मी अधूनमधून पडद्यावर बोट टेकवत होतोच.

फाइल मात्र पहिल्यापासून आणावी लागली नाही. फाइलझिलाने विचारलं, ही फाइल इथे अर्धवट आहे, तिच्यावर नवी लिहू की पुढे चालू ठेवू? मी 'पुढे' निवडलं. फोनकडच्या सर्व्हरला `REST`, म्हणजे फाइल मधूनच पुढे सुरू करायचा हुकूम, कळत असेल तरच हे जमतं. तो कळत होता. पट्टी थांबली होती तिथून निघाली.

काम झाल्यावर गोल बटण आठवणीने बंद केलं. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच तारेवरून जातो, आणि माझा पासवर्ड तर ॲपने आधीच घालून ठेवलेला होता: `admin`.

मग ताईला फोन लावला.

"आला व्हिडिओ."

"अरे वा! आता पाठव ना माझ्या फोनवर."