‘खूप छान!’ लिहिलं की सात गुणांचे सतरा होत नाहीत

“शिक्षकांनो, कच्च्या मुलाच्या पेपरवर लाल पेन चालवू नका. चुका दाखवल्या की त्याचा आत्मविश्वास कायमचा खचतो. चुकलेलं सोडून द्या, बरोबर तेवढ्यालाच गोल करा आणि खाली ‘खूप छान! तू हुशार आहेस!’ असं लिहा. गुण आपोआप वाढतील.”

हा निरोप आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात तीनदा फिरला. मी नवी मुंबईतल्या घणसोलीत सातवीला गणित शिकवते. वर्गातली निम्मी मुलं दिघा-रबाळ्याच्या वस्त्यांतून येतात. पेपर तपासून हात दुखले आहेत, म्हणून थोडं लिहिते.

पेनाचं आधी उरकून टाकते. लाल रंगावर 2010 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. लाल पेन हातात घेतलेल्या माणसांना त्याच मजकुरात जास्त चुका दिसल्या आणि त्यांनी गुणही कमी दिले. म्हणजे तो परिणाम मुलावर नव्हे, तपासणाऱ्यावर मोजला होता. तेव्हा हिरवं पेन घ्यायचं तर स्वतःला आवरायला घ्या. हिरव्या शाईत ‘निष्काळजीपणा!’ लिहिलं तरी ते तितकंच लागतं.

आता चुका सोडून देण्याचं. इथे एक पेपरच उलगडून दाखवते.

पूर्णांक संख्यांची घटक चाचणी, गुण 20. दिघ्याहून येणाऱ्या एका मुलीला 7 पडले. पहिल्या प्रश्नात सहा उदाहरणं होती आणि तिची चार चुकली: −5 − 3 = 8, −7 − 2 = 9, −4 − 6 = 10, −1 − 2 = 3. पण 8 + (−3) आणि 6 − (−2) ही दोन्ही बरोबर. दुसऱ्या प्रश्नातले चारही गुणाकार बरोबर. तिसऱ्यात (−3) × 4 − 2 होतं. तिथे तिने −12 अचूक काढले आणि पुढच्या ओळीत −12 − 2 = 14 लिहिलं. पायरीचा एक गुण मिळाला. उरलेलं शाब्दिक उदाहरण चुकलं आणि चौथा प्रश्न तिने कोराच ठेवला.

पाच वर्षांपूर्वी मी अशा पेपरवर फुल्या मारून खाली ‘काळजीपूर्वक सोडव, सराव कर’ असं लिहून मोकळी व्हायचे. लिहिलं तेही चुकीचंच होतं, कारण ही मुलगी निष्काळजी नाही. चुकलेली उत्तरं परत बघा. 8, 9, 10, 3, 14: प्रत्येक आकडा बरोबर आहे, फक्त चिन्ह चुकलंय. निष्काळजीपणाच्या चुका अशा ओळीने उभ्या राहत नाहीत, त्या कुठेही सांडलेल्या असतात. सहावीत पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी होते, सातवीत गुणाकार येतो. ‘वजा वजा अधिक’ हे पालुपद एकदा तोंडात बसलं की दोन वजा दिसतील तिथे ते लागतं. तिची चूक म्हणजे नुकतं शिकलेला एक खरा नियम नको तिथे वापरणं. पाच फुल्यांमागे चूक एकच.

हे तिला सांगायचं नाही? पाचही ठिकाणी मी गप्प बसले असते तर सहामाहीलाही तिने तेच केलं असतं, आणि तेव्हा ‘मला गणित येतच नाही’ हा निष्कर्ष तिने स्वतःच काढला असता. मुलाला खचवते ती कारण न कळलेली फुली. तिच्या पेपरवर मी असं लिहिलं:

‘प्र. 2 ची चारही उत्तरं बरोबर. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हे तुला पक्कं येतं. तोच नियम तू −1 − 2 ला लावलास, पण इथे गुणाकार नाही. घणसोली 0 धर, रबाळे −1. रबाळ्याहून ठाण्याच्या बाजूला आणखी दोन स्टेशनं गेलीस तर कुठे उतरशील? तसं करून प्र. 1 पुन्हा सोडव.’

रबाळे, ऐरोली, दिघा गाव. म्हणजे −3, तिचंच स्टेशन. तिच्या उत्तराप्रमाणे ती वाशीच्या गाडीने +3 वर, म्हणजे सानपाड्याला पोचली होती! संख्यारेषा फळ्यावर दहा वेळा काढून जे झालं नव्हतं ते इथे झालं, कारण या रेषेवर ती रोज ये-जा करते. तिसऱ्या प्रश्नातल्या 14 बद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. मूळ तेच आहे, आणि एका पेपरवर एकच चूक धरायची हा माझा नियम. शाब्दिक उदाहरणाचं नंतर जवळ बसवून पाहू.

‘तू हुशार आहेस’ याबद्दल. 2014 मध्ये नेदरलँड्सच्या मुलांवर झालेला एक प्रयोग आहे. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं अशा मुलांच्या चित्राचं ‘कमालीचं सुंदर’ असं फुगवून कौतुक केलं, तर त्यांनी पुढच्या वेळी सोपं काम निवडलं. आपल्या वर्गातही हे दिसतं. 20 पैकी 7 च्या शेजारी ‘खूप छान’ वाचणारं मूल बावळट नसतं. बाईंनी पेपर पाहिलाच नाही किंवा बाईंना आपल्याकडून काही अपेक्षाच नाही, एवढं त्याला कळतं. म्हणून कौतुक करायचं तर बोट ठेवून दाखवता येईल अशा गोष्टीचं करावं. तिचे चार गुणाकार बरोबर होते, ते खरं होतं. (सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींचं आपण काय केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तयार वाक्यांच्या पुस्तिकेतून पन्नास मुलांना ‘अभ्यासात रस घेतो’.)

आणि गुण. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेलं काम आहे. नुसता शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांची मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली, कारण नजर आकड्यावर जाते आणि शेरा राहून जातो. म्हणून मी पेपर शेऱ्यासह पण गुणांशिवाय देते, दुरुस्ती वर्गातच करून घेते आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगते. पालकांकडून ‘मार्क कुठे आहेत?’ असा फोन येतोच, त्याची तयारी ठेवावी लागते.

एका पेपरला असा शेरा लिहायला चार मिनिटं लागतात. पन्नास पेपरना ते जमणार नाही, जमवूही नये. त्या चाचणीत अकरा मुलांची हीच चूक होती. त्यांच्या पेपरवर ‘फळ्यावरची टीप 2 बघ’ एवढंच लिहिलं. अख्खा शेरा फक्त चौघांना दिला. ज्याला वाचायलाच अडखळतं त्याला लिहून काही उपयोग नसतो, त्याच्याशी मधल्या सुट्टीत बोलावं लागतं.

त्या मुलीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पाहिली. चारही उत्तरं बरोबर, चिन्हांसकट. पण पुढे 6 − (−2) = 4 लिहिलं होतं. आधी बरोबर असलेलं 8 तिने खोडलं होतं. वजा दिसला की ठाण्याकडे जायचं, असा नवा नियम तिने माझ्याच शेऱ्यातून काढला होता. मी शेजारी फुली मारली नाही. लिहिलं, ‘खोडलेलं उत्तर बरोबर होतं. तेव्हा काय विचार केला होतास, ते उद्या मला सांग.’