‘फ्री’ शब्दाला दोष देण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता बघा

व्यवसायाच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा आहे: “मेलमध्ये फ्री, ऑफर, डिस्काउंट, लिमिटेड असे शब्द असले की मेल थेट स्पॅममध्ये जातो. ही 300 शब्दांची यादी जपून ठेवा. शब्द टाळता येत नसेल तर F.r.e.e असा तोडून लिहा. मजकूर चित्रात टाका, फिल्टरला वाचता येत नाही. सब्जेक्टला Re: लावलं की उघडलाच जातो.”

मी नाशिकमध्ये लहान व्यावसायिकांची मेलची कामं करतो. या यादीपायी लोकांचे चांगले मेल बिघडताना पाहिले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी यादी. एकच शब्द दिसला आणि मेल बाद, असं फिल्टर काम करत नाही. स्पॅमअसॅसिन हे अनेक होस्टिंग सर्व्हरवर चालणारं फिल्टर घ्या. ते मेलला गुण देतं. काही गोष्टींमुळे गुण वाढतात, काहींमुळे कमी होतात, आणि बेरीज 5 झाली की मेल स्पॅम ठरतो (ही मूळ मर्यादा, सर्व्हर चालवणारा ती बदलू शकतो). एखाद्या शब्दाने थोडी भर पडते, पण एकट्या शब्दावर निकाल लागणं विरळाच. शिवाय त्याचे शब्दांचे नियम मुख्यतः इंग्रजीसाठी लिहिलेले आहेत. यादीतल्या शब्दांचं मराठी करून ‘मोफत’ टाळण्याने तिथे काहीच साधत नाही.

शिकणारी फिल्टरं वेगळी असतात. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहॅम या प्रोग्रॅमरने स्वतःच्या मेलवर शब्दांच्या शक्यता मोजून फिल्टर बनवलं. त्यात स्पॅमची एक पक्की खूण निघाली ‘ff0000’, म्हणजे भडक लाल रंगाचा कोड. हाताने केलेल्या कुठल्याही यादीत तो आला नसता. अशा फिल्टरमध्ये शब्दाचं वजन आलेल्या मेलवरून ठरतं, त्यामुळे सगळ्यांना चालेल अशी कायमची यादी करताच येत नाही.

यादीपेक्षाही घातक सल्ला शब्द तोडण्याचा. फ्री लिहिणारा दुकानदार असू शकतो, पण F.r.e.e किंवा Fr33 कोण लिहितं? ज्याला काही लपवायचं आहे तो. असे बिघडवलेले शब्द पकडायला स्पॅमअसॅसिनमध्ये FUZZY नावाने सुरू होणारे वेगळे नियमच आहेत. साध्या शब्दाने कदाचित थोडे गुण लागले असते, तो लपवण्याच्या नादात आपण स्वतःहून संशय ओढवून घेतो. आणि मेल पोहोचलाच, तरी वाचणाऱ्याचा विश्वास उडतो तो वेगळाच.

आता एक खरं प्रकरण. गंगापूर धरणाच्या बाजूला एका कुटुंबाची द्राक्षबाग आहे, तिथे पाहुण्यांसाठी सहा खोल्या आहेत. जुन्या पाहुण्यांना पाठवलेल्या त्यांच्या मेलचा सब्जेक्ट होता: “FREE!!! धमाका ऑफर, LAST CHANCE, आजच बुक करा”. तो स्पॅममध्ये गेला. यादी बघून त्यांनी शब्द बदलले, तरी गेला. मग माझ्याकडे आले.

मी सब्जेक्टला हात लावला नाही. ते वापरत होते त्याच मार्केटिंगच्या टूलमधून, त्याच पत्त्यावरून एक साधा मेल पाठवला: “नमस्कार, उद्या दुपारी भेटू.” तोही स्पॅममध्ये! शब्दांचा दोष आहे की नाही, हे तपासण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. फक्त हा मेल तीन-चार वेगवेगळ्या खात्यांवर पाठवा, कारण तुमचं नेहमीचं खातं तुमच्या सवयींप्रमाणे निकाल देतं.

मग जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांतून Show original पाहिलं. पाठवणारा खरा आहे का, हे तपासणाऱ्या तीन चाचण्यांचे निकाल तिथे दिसतात. SPF: PASS, DKIM: PASS, पण DMARC: FAIL. कारण पाठवणारा पत्ता @gmail.com चा आणि मेल जात होता मार्केटिंगच्या टूलमधून. सही टूलच्या डोमेनची, नाव जीमेलचं. नाव आणि सही जुळत नसली की DMARC नापास होतं. आम्ही बागेच्या वेबसाइटच्या डोमेनवर पत्ता काढला आणि टूलने दिलेल्या नोंदी डोमेनच्या DNS मध्ये, म्हणजे त्याच्या सार्वजनिक नोंदवहीत, घातल्या. मग त्या साध्या मेलची पुन्हा चाचणी घेतली. तिन्ही ठिकाणी PASS आलं आणि मेल इनबॉक्समध्ये पोहोचला.

सब्जेक्ट आणि मजकूर बदलला तो त्यानंतर. आरडाओरडा काढला आणि तिथे माहिती घातली. नवा सब्जेक्ट: “द्राक्षकाढणीचा शनिवार: दोन खोल्या मोकळ्या, नाश्ता मोफत”. ‘मोफत’ मुद्दाम ठेवला, कारण नाश्ता खरंच मोफत होता. मजकूर असा:

“नमस्कार, गेल्या हिवाळ्यात तुम्ही आमच्या बागेत राहून गेलात. यंदा थॉमसनची काढणी 14 फेब्रुवारीच्या शनिवारी सुरू होते आहे. दोघांना एका रात्रीचे 4,200 रुपये. सकाळची मिसळ मोफत, आणि आमच्याबरोबर काढणीला यायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे नाहीत. सहापैकी दोन खोल्या मोकळ्या आहेत. 8 तारखेपर्यंत कळवलंत तर ठेवतो. याच मेलला उत्तर दिलंत तरी चालेल. असे मेल नको असतील तर खाली ‘यादीतून नाव काढा’ आहे.”

पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. हा मेल मला का आला, हे त्यातून कळतं. ‘प्रिय ग्राहक’ने ते कळत नाही, आणि अनोळखी वाटलेल्या मेलवर बोट स्पॅमच्या बटणाकडे जातं. ‘लास्ट चान्स’ची घाई आता ‘दोन खोल्या, 8 तारीख’ यात आली आहे. वाचणारा ती स्वतः तोलून बघू शकतो, म्हणून ती पटते. जुन्या मेलमधलं ‘येथे क्लिक करा’ गेलं, कारण एकाच खोलीसाठी उत्तर लिहिणं लोकांना सोपं वाटतं.

चित्रात मजकूर घालण्याबद्दल थोडक्यात: नुसतं चित्र आणि जेमतेम मजकूर, हीच स्पॅमअसॅसिनसाठी गुण वाढवणारी खूण आहे. अनेकांकडे चित्रं आपोआप उघडत नाहीत, त्यांना कोरा चौकोन दिसतो. Re: तर सरळ फसवणूक आहे. न झालेल्या संभाषणाचं उत्तर आलंय असं भासवलं की माणूस एकदा उघडतो आणि चिडून स्पॅम दाबतो.

ते दाबणंच खरं महागात पडतं. दिवसाला 5,000 हून जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी 2024 पासून SPF, DKIM, DMARC आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोय बंधनकारक केली. तक्रारींचं प्रमाण 0.1 टक्क्याखाली ठेवा, 0.3 टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नका, असंही सांगितलं. इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या हजार मेलमागे तीन माणसं चिडली की तुम्ही त्या रेषेवर. बागेची यादी लहान होती, तरी तीन वर्षांपूर्वी फक्त चौकशी करून गेलेल्यांचे पत्ते आम्ही त्यातून काढून टाकले. मोठी यादी असेल तर तक्रारींचं प्रमाण गूगलच्या Postmaster Tools मध्ये दिसतं. थोडेच मेल जात असतील तर तिथे आकडे येत नाहीत, मग वर सांगितलेला साधा मेल पाठवूनच अंदाज घ्यावा लागतो.