स्वतःची जाहिरात स्वतःच शोधणाऱ्या मालकांसाठी

गेल्या सप्टेंबरमध्ये मोरजीच्या एका गेस्ट हाउसच्या मालकांनी मला रात्री साडेनऊला फोन केला. "आपली जाहिरात बंद पडली आहे, मी आत्ताच तीन वेळा पाहिले." पर्यटनाचा हंगाम तोंडावर आलेला, खोल्यांना नुकताच रंग दिलेला, त्यामुळे त्यांची काळजी मला समजत होती. मी त्यांचे गूगल जाहिरातींचे खाते उघडून पाहिले, तर जाहिरात बंद पडलेली नव्हती. जाहिरातीसाठी दिवसाला ठरवलेले चारशे रुपये त्या वेळेपर्यंत संपले होते आणि त्यातले बरेचसे घरच्याच माणसांनी संपवले होते.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. गोव्यातल्या लहान व्यावसायिकांच्या गूगल जाहिराती मी काही वर्षे सांभाळतो आणि हीच चूक प्रामाणिक, कष्टाळू माणसांच्या हातून वारंवार होताना पाहतो. दुकानाची पाटी लावली की मालक रस्ता ओलांडून ती नीट दिसते का हे पाहतो. त्याच सवयीने तो फोनवर आपली जाहिरात शोधतो. पण पाटी पाहिल्याने पाटीवर काही परिणाम होत नाही, आणि शोधाच्या जाहिरातीवर मात्र प्रत्येक पाहण्याची नोंद होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी Search terms हा अहवाल उघडला. लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केल्यावर जाहिरात दिसली, हे त्यात ओळीने दिलेले असते. इतर ओळींत निरनिराळे शब्द होते, पण morjim guest house near beach ही एकच ओळ दिवसाला वीस-पंचवीस वेळा दिसत होती. शब्दांचा क्रम तोच, आणि त्या ओळीपुढे खोलीची चौकशी एकही नाही. मालक क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "हे शब्द मीच टाकतो. रिसेप्शनवरचा मुलगाही हेच टाकतो, मीच त्याला सांगितले आहे."

आता हिशेब पाहा. त्यांना एका क्लिकला साधारण पंचवीस रुपये पडत होते, म्हणजे चारशे रुपयांत दिवसाला सोळा क्लिक. मालक सकाळी एकदा आणि रात्री एकदा जाहिरातीवर बोट ठेवून "साइट उघडते ना" हे पाहायचे, रिसेप्शनवरचा मुलगा एकदा, आणि पुण्यात शिकणारी मुलगी बाबांनी सांगितले म्हणून एकदा. चार क्लिकचे शंभर रुपये झाले, म्हणजे रोजच्या पैशांचा चौथा हिस्सा, महिन्याला तीन हजार. त्यातच गणपतीच्या दिवसांत वहिनींनी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आमची जाहिरात दिसते का बघा" असा निरोप टाकला होता. डोंबिवली, गिरगाव, बेळगाव अशा ठिकाणच्या मावश्या-आत्यांनी मायेपोटी ती शोधली, उघडली आणि "दिसते गं" म्हणून कळवले. त्या दिवशी जेवणाच्या वेळेआधीच बरेच पैसे संपले होते. गूगल काही क्लिक संशयास्पद म्हणून वगळते आणि त्यांचे पैसे लावत नाही हे खरे आहे. पण डोंबिवलीहून आपल्या फोनवरून एकदाच क्लिक करणारी मावशी आणि डिसेंबरची खोली शोधणारा ग्राहक यांच्यात त्या यंत्रणेला फरक दिसण्याचे कारण नाही.

"मग मी क्लिक करणार नाही, नुसते पाहीन," असे मालक म्हणाले. त्यानेही नुकसान होते, ते फक्त लगेच दिसत नाही. जाहिरात दिसली आणि कोणी उघडली नाही, तर तिचे क्लिकचे प्रमाण घसरते. दोनशे वेळा दिसून सोळा क्लिक आले, तर ते प्रमाण आठ टक्के असते. त्यात घरच्यांच्या चोवीस नुसत्या पाहण्यांची भर पडली, तर ते सात टक्क्यांच्या जवळ येते. ही जाहिरात उघडली जाण्याची शक्यता किती, हा अंदाज गूगल जाहिरातीची जागा ठरवताना धरते, आणि तो अंदाज खाली आला की तीच जागा मिळवायला जास्त पैसे मोजावे लागू शकतात. शिवाय एकाच फोनवरून वारंवार शोधूनही जाहिरात उघडली गेली नाही, तर या माणसाला हिच्यात रस नाही असे समजून त्याला ती दाखवणे कमी होते. मग मालकाला वाटते की जाहिरात बंद पडली, आणि तो आणखी शोधतो.

याच्या उलट फसगतही त्यांच्याच घरात चालू होती, आणि माझ्या मते ती अधिक घातक आहे, कारण तिच्याने समाधान वाटते. आदल्या मे महिन्यात ते मला आनंदाने सांगत होते की बातम्यांच्या कुठल्याही साइटवर गेले तरी आपल्या गेस्ट हाउसचे चित्र दिसते, म्हणजे जाहिरात सगळीकडे पोहोचली. ती जाहिरात वेगळी होती. आपली साइट एकदा पाहून गेलेल्या माणसाला ती पुढे इतरत्र दाखवली जाते, आणि आपली साइट रोज उघडणारा माणूस मालकच असतो. ती यादी चालण्यासाठी महिन्याभरात किमान शंभर जण लागतात. हंगाम नसताना मोरजीच्या लहानशा साइटवर येणारेच मोजके, त्यामुळे यादी दीडशेच्या आसपास रेंगाळते, आणि त्यात मालक, त्यांचे दोन फोन, रिसेप्शनचा संगणक, मुलगी आणि शेजारी हे भरीव हिस्सा होऊन बसतात. पुण्यातल्या ज्या कुटुंबापर्यंत पोहोचायचे, त्याने साइट कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे त्याला यातले काहीच दिसत नाही. मालकाला दिसणारे चित्र हे त्याच्याच येण्याजाण्याचे प्रतिबिंब असते.

जाहिरात चालू आहे का, हे पाहण्याची रास्त सोय खात्यातच आहे. तिचे नाव Ad Preview and Diagnosis. त्यात शब्द टाइप करायचा, ठिकाण पुणे निवडायचे, भाषा आणि फोन की संगणक हे निवडायचे, की पुण्यात बसलेल्या माणसाला निकाल कसा दिसेल ते समोर येते. दिसत नसेल तर कारणही सांगितले जाते, आणि ही पाहणी कुठल्याच आकड्यात धरली जात नाही. रिसेप्शनच्या वायफायचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची त्या जोडणीची ओळख, जाहिरातीच्या मोहिमेतून वगळता येतो, तोही आम्ही वगळला. मात्र तो पत्ता बदलू शकतो, आणि मोबाइल डेटावर तर तो सतत बदलतो व अनेकांचा सामायिक असतो, त्यामुळे फोनसाठी या उपायाचा भरवसा धरू नये. फोनवर साइट पाहायची तर साइटचा पत्ता स्वतः टाइप करावा, आणि मागे लागलेल्या चित्राला My Ad Center मधून आपल्यापुरते थांबवावे.

वहिनींनी ग्रुपवर दुसरा निरोप टाकला, की आता कोणी शोधू नका. मालकांना सवय सोडायला मात्र महिना लागला. ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांनी पुन्हा रात्री फोन केला तेव्हा मी जरा धास्तावलो होतो. पण त्यांनी विचारले ते असे, की आपली जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा पैसे संपल्यामुळे ती दिसलीच नाही, असे अहवालात आहे, तर गोव्यातल्या शोधांवरचा खर्च कमी करून तो पुण्याकडे वळवता येईल का. आम्ही दुसऱ्याच दिवशी पुण्याची मोहीम वेगळी केली आणि चारशेतले अडीचशे रुपये तिला दिले.