नव्व्याण्णव टक्क्यांचं मॉडेल आणि रात्रीचे चार तास

"नोकरी करून डेटा सायन्स शिकणाऱ्यांनो, ऐका. आपल्याला काही येत नाही असं सारखं वाटतंय? मग खरंच येत नाही, आणखी एक कोर्स करा. रोज रात्री चार तास, सहा महिने, एकही खाडा नको. थकलात म्हणजे दम नाही. बर्नआउटचं कारण आळशी लोक देतात."

हा मेसेज गेल्या महिन्यात म्हापशापासून मडगावपर्यंतच्या चार-पाच ग्रुपांतून माझ्याकडे आला. क्रमानेच घेऊ.

पेडण्याची एक मुलगी कांदोळीच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. सुट्टीच्या दिवशी डेटा सायन्स शिकते. तिने सरावाला हॉटेल बुकिंगचा तो प्रसिद्ध डेटा घेतला होता, पोर्तुगालमधल्या दोन हॉटेलांचा, 2015 ते 2017 मधल्या सुमारे 1 लाख 19 हजार बुकिंगांचा. कोणतं बुकिंग रद्द होईल हे आधी ओळखायचं. मला म्हणाली, "दादा, नेटवर एकाच्या मॉडेलचा अचूकपणा नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर गेलाय, माझा ऐंशीवरून हलत नाही. मी उगाच या भानगडीत पडले."

आम्ही त्या नव्व्याण्णववाल्याची नोटबुक उघडली आणि एकच ओळ चालवली:

```python
pd.crosstab(df["reservation_status"], df["is_canceled"])
```

उत्तर समोरच होतं. `Check-Out` असलेली सगळी बुकिंगं शून्याच्या रकान्यात, `Canceled` आणि `No-Show` असलेली सगळी एकच्या रकान्यात. म्हणजे जे ओळखायचं तेच दुसऱ्या नावाने मॉडेलला आधीच सांगून ठेवलेलं. पाहुणा खोली सोडून गेल्यावर भरला जाणारा रकाना बुकिंगच्या दिवशी कुठून येणार? या प्रकाराला डेटा लीकेज म्हणतात. तिने तो रकाना पहिल्याच दिवशी काढून टाकला होता, कारण रोजच्या कामात तो कधी भरतात हे तिला ठाऊक होतं. या डेटात साधारण 37 टक्के बुकिंगं रद्द झालेली आहेत. काही न शिकता "रद्द होणार नाही" असंच म्हणत बसलं तरी 63 टक्के बरोबर येतात. तिचे ऐंशी त्या 63च्या पुढे मोजायचे, नेटवरच्या नव्व्याण्णवच्या शेजारी ठेवायचे नाहीत.

पुढे तिनेच आणखी एक गोष्ट काढली. `country` या रकान्यात पोर्तुगाल लिहिलेल्या बुकिंगांपैकी निम्म्याहून जास्त रद्द झालेली दिसतात. मी म्हटलं असतं, तिकडच्या लोकांना बेत बदलायची सवय असेल. ती म्हणाली, "नाही हो. माणसाचा देश आम्हाला पक्का कळतो तो चेक-इनला, पासपोर्ट हातात आला की. तोवर सिस्टीममध्ये काहीतरी घातलेलं असतं. जो आलाच नाही त्याचं ते तसंच राहतं." परदेशी पाहुण्याची नोंद भरणाऱ्या माणसाला हे सुचतं, पुस्तकातून आलेल्याला सहसा नाही. हाही रकाना तिने काढला, आकडा थोडा खाली आला, आणि ते योग्यच झालं.

आता तिला वाटत होतं ते काय होतं? पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली 'इम्पोस्टर', म्हणजे आपण तोतया आहोत असं वाटणं, म्हणून ज्याचं वर्णन केलं ते हेच. हातात पुरावा असूनही माणूस आपलं यश नशिबावर ढकलतो आणि कधीतरी पितळ उघडं पडेल या धास्तीत राहतो. उलट, नवशिक्याला एखादी गोष्ट खरोखर येत नसेल तर तो तोतया ठरत नाही, तो नवशिका असतो. दोन्ही अवस्था आतून सारख्याच लागतात, म्हणून वाटण्यावर निकाल देता येत नाही. निकाल कोऱ्या नोटबुकवर लागतो. कधी न पाहिलेली एक सीएसव्ही घ्या, चाळीस मिनिटं लावा, डॉक्युमेंटेशन बघायला मोकळीक, जुनी नोटबुक बंद. कुठे अडलात ते लिहून ठेवा. `groupby` कसं लिहायचं इथे अडलात तर काही बिघडलं नाही, ते सगळेच बघून लिहितात. कोणता रकाना भाकिताच्या वेळी हाती असेल हे ठरवता आलं नाही, तर तेवढा भाग शिकायचा राहिलाय. कुठेच फारसं अडलं नाही आणि तरी छातीत धडधड आहे, तर ती धडधड तुमच्या कौशल्याबद्दल काही सांगत नाही.

आणखी एका कोर्सने हे कळत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र पारडं फिरलं, न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. व्हिडिओ बघून "समजलं" वाटतं ते त्या पाच मिनिटांतलं समजणं.

रात्रीच्या चार तासांचा हिशेब ज्याने केला त्याला कांदोळीहून पेडणे माहीत नसावं. दुपारची शिफ्ट अकराला सुटली, पुढे गाडीवर घर, जेवण, मग चार तास. झोपायला उजाडतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डॉंगेन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली लोकांना चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणं इतकं घसरलं की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांशी बरोबरी झाली. यातली खरी वाईट गोष्ट वेगळीच आहे: आपण किती घसरलोय हे त्यांना स्वतःला फारसं कळत नव्हतं. तेव्हा "मला चालतं" या साक्षीला किंमत नाही.

वहीत मात्र ते दिसतं. रात्री एकला चाललेली नोटबुक सकाळी `Restart & Run All` केली की `NameError` येतो, कारण ज्या सेलमध्ये तो व्हेरिएबल होता तो रात्री कधीतरी खोडला गेला होता. एखाद्या दिवशी हे कुणाचंही होतं. आठवड्यात तीनदा झालं तर रात्रीचा अभ्यास बंद करा. त्या मुलीने ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे सीझनभर, आठवड्यातून तीन सकाळी पाऊण तास एवढंच ठेवलं. नाताळ ते नवं वर्ष काहीच नाही. नवा विषय पावसात, पाहुणे कमी असताना. खाडे पडले, पण सोडलं नाही.

राहिला दमाचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आयसीडी-11 या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली आहे. तिथे तो आजार म्हणून नाही, कामाच्या जागच्या ताणाशी जोडलेली अवस्था म्हणून येतो, तो ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याने आलेली. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. आळस यात बसत नाही. आळशी माणूस इतका ताण घेतच नाही.

म्हणून आधी बघा, विटलंय काय. फक्त कोर्स नकोसा झालाय आणि काउंटरवर पाहुण्याशी अजून हसून बोलता येतंय, तर कोर्स महिनाभर ठेवून द्या, फी बुडाली तरी. पाहुणाही शत्रू वाटायला लागला आणि साप्ताहिक सुट्टी झोपून काढल्यावरही सोमवारी तसंच वाटलं, तर मूळ नोकरीत आहे. शिफ्टबद्दल बोलायला हवं, पायथनबद्दल नव्हे. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण उडालं असेल, कशातच मन लागत नसेल, तर हे बर्नआउटपलीकडचं असू शकतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, बांबोळीला मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे जाणाऱ्याचा दम मोजत नाहीत.