चहा, कॉफी, बीट लावून केस खरंच काळे होतात का?

"केमिकल डाय फेकून द्या! चहा, कॉफी किंवा बीटचा रस लावा, पांढरे केस एकाच वेळी काळे. लिंबू पिळलं की रंग महिनाभर पक्का. साइड इफेक्ट झीरो."

या दाव्यातलं आधी काळ्या रंगाचं बघू. चहा-कॉफीत काळा रंग नसतोच, असतो तो तपकिरी. एक कप पाण्यात तीन-चार चमचे चहा पावडर चांगली उकळून, गाळून, पूर्ण गार करून ओल्या केसांना लावली, तासभर ठेवली आणि शाम्पू न लावता नुसत्या पाण्याने धुतली, तर पांढरी बट बेज किंवा फिक्की तपकिरी दिसते, एवढंच. कॉफीचंही तेच, फक्त ती पातळ असते आणि मानेवर ओघळते म्हणून कंडिशनरमध्ये कालवून लावलेली बरी. काळ्या केसांवर काहीच दिसणार नाही, कारण यातलं काहीही केसांचा मूळ रंग फिका करत नाही. मिक्स केस असतील तर पांढरे जरा कमी डोळ्यात भरतात, आणि खरं सांगायचं तर एखाद्या संध्याकाळपुरतं तेवढं पुरतंही.

महिनाभर टिकतो हे तर साफ चूक. परमनंट डाय केसाचं बाहेरचं आवरण उघडून आत जातो आणि रंग आतच तयार होतो, मेंदीतला रंग केसाच्या प्रोटीनला घट्ट धरतो. चहा-कॉफीचा रंग मात्र वरवर बसतो, पहिल्याच शाम्पूत बराचसा जातो आणि दोन-तीन वेळा धुतलं की जवळपास सगळाच. बीट त्याहून कच्चं, त्याचा गुलाबी रंग पाण्यात सहज विरघळतो, उष्णतेने आणि उजेडाने उडतो, म्हणून रस उकळून आटवला की लाल गडद व्हायच्या ऐवजी मातकट होत जातो. आणि बीटने काळे? गडद केसांवर ते दिसतच नाही, पांढऱ्यांवर गुलाबी छटा येते, ब्लीच केलेल्या केसांवर तर ठिपके-ठिपके, कारण कोरडी टोकं जास्त रंग पितात.

लिंबाने बीटचा रंग थोडा कमी बिघडतो, पण म्हणून तो केसाला चिकटत नाही. उलट टाळूवर ओरखडा असेल तर झोंबतं आणि केस कोरडे पडतात.

साइड इफेक्ट झीरो म्हणाल तर डायपेक्षा त्रासाची शक्यता कमी हे मान्य, पण घरगुती गोष्टीचीही कुणाला ॲलर्जी असू शकते, गरम काढा ओतला तर टाळू भाजते, आणि घाम किंवा पाऊस लागला की कॉलर, उशी, टॉवेल सगळं डागाळतं.

करून बघायचंच असेल तर आधी कानामागची थोडे पांढरे केस असलेली एक बट घ्या, तासभर ठेवा, धुवा, वाळवा आणि दिवसाच्या उजेडात बघा, कारण ओली बट नेहमीच गडद दिसते. मग तीच बट एकदा शाम्पूने धुवा. जे उरेल तेवढाच तुमचा रंग.